‘ते घर वगळा’: पाच घरांच्या पाण्यावरून समजून घेऊ जॅकनाईफ

उन्हाळा तोंडावर आला की घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये दोनच विषय असतात, टँकर आणि टँकरचं बिल. आमच्या ४८ घरांच्या सोसायटीत यंदा त्यात तिसरा आला. नोटीस बोर्डावर एक कागद लागला: ‘आपल्या सोसायटीत दरडोई रोज १४० लिटर पाणी वापरले जाते. निकष १३५ लिटरचा आहे. सबब जादा पाणी आकार लावण्यात येईल.’

१३५ हा आकडा हवेतला नाही. सांडपाण्याच्या वाहिन्या असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा मार्गदर्शिकेत तो आहे. (मोठ्या महानगरांसाठी त्याच मार्गदर्शिकेत १५० लिटर आहे, पण सेक्रेटरींनी आपल्याला सोयीचा आकडा उचलला.) प्रश्न होता १४० कुठून आला याचा. तर कमिटीने चिठ्ठ्या टाकून पाच घरं निवडली, प्लंबरकडून त्यांच्या लाइनवर मीटर बसवले, आठवडाभर रीडिंग घेतलं आणि रोजची सरासरी काढली. हिशोब डोळ्यांना सोपा जावा म्हणून मी इथे आकडे थोडे गोल केले आहेत.

| घर | माणसं | रोजचे लिटर |
|---|---|---|
| क | २ | ४४० |
| ख | ३ | ४८० |
| ग | ४ | ५६० |
| घ | ५ | ६५० |
| च | ६ | ६७० |
| एकूण | २० | २८०० |

२८०० लिटर, २० माणसं. भागाकार १४०. यात चूक काहीच नाही.

## सभेत काय झालं

सभेत चौथ्या मजल्यावरचे काका उठले. म्हणाले, “ते दोन माणसांचं घर वगळा. दोघांना रोज ४४० लिटर लागतातच कसे? ते काढलं की आकडा १३१ वर येतो. संपली तुमची नोटीस.” त्यावर खजिनदारांनी मोबाइलवर हिशोब केला आणि म्हणाले, “मग सहा जणांचं घरही वगळून बघा. १५२ होतात. लावू का १५२ वर आकार?”

पुढची वीस मिनिटं कोणतं घर वगळायचं यावर गेली. मी कॉलेजात सांख्यिकी शिकवत असे. मागच्या रांगेत बसून मला राहून राहून वाटत होतं की दोघंही बरोबर वाटेवर आहेत, फक्त मध्येच थांबतायत. आपल्या सोयीचं एक घर वगळलं तर ती वकिली झाली. पण पाचही घरं पाळीपाळीने एकदा-एकदा वगळली आणि प्रत्येक वेळी आकडा किती हलला ते लिहून ठेवलं, तर ते मोजमाप होतं. सांख्यिकीत त्याला जॅकनाईफ म्हणतात.

जॅकनाईफ म्हणजे खिशात ठेवायचा घडीचा चाकू. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ मॉरिस केनुई याने १९४९ साली नमुन्याचे दोन भाग करून अंदाजातला झुकाव कमी करण्याची युक्ती मांडली आणि १९५६ साली ती ‘एकेक वगळा’ या रूपात आणली. १९५८ साली अमेरिकेच्या जॉन टुकीने दाखवलं की याच आकड्यांवरून अंदाज किती डळमळीत आहे तेही कळतं. चाकूचं नावही त्यानेच रुजवलं. खास हत्यार हाताशी नसलं की कामचलाऊ म्हणून चालणारा, असा त्याचा अर्थ.

## पुढे असलेलं घड्याळ आणि उशिरा येणारी लोकल

पुढे जाण्याआधी दोन शब्द पक्के करू, कारण लोक त्यांची गल्लत करतात.

आपल्या बहुतेक घरांत भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवलेलं असतं, म्हणजे लोकल चुकत नाही. हे घड्याळ रोज चुकतं, पण एकाच दिशेने आणि तेवढंच. एकाच दिशेला असलेल्या अशा सवयीच्या चुकीला बायस म्हणतात. मराठी परिभाषेत त्याला अभिनती असा भारदस्त शब्द आहे.

लोकलचं तसं नाही. ती एखाद्या दिवशी वेळेवर येते, कधी चार मिनिटं उशिरा, कधी नऊ. अंदाजाचं हे पुढे-मागे होणं म्हणजे स्टँडर्ड एरर. आमच्या बाबतीत तो असा समजायचा: चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या असत्या, दुसरीच पाच घरं आली असती, तर १४० च्या जागी दुसराच आकडा आला असता. असे कितीतरी वेळा केलं तर ते आकडे एकमेकांपासून साधारण किती लांब पडतील?

अडचण अशी की चिठ्ठ्या एकदाच टाकल्या आहेत. दुसरी पाच घरं आपल्याकडे नाहीत. मग हाताशी असलेल्या पाचांतूनच ‘दुसरे नमुने’ तयार करायचे, आणि त्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे दर वेळी एकाला बाहेर बसवणं.

## एकेक घर बाहेर काढू

कागद-पेन घ्या. घर क काढलं की उरले २३६० लिटर आणि १८ माणसं, भागाकार १३१.१. काकांचा आकडा हाच. घर ख बाहेर काढायच्या आधी क ला आत बोलवायला विसरू नका. दर वेळी एकच घर बाहेर असतं. विद्यार्थी इथे हमखास घसरायचे, घरं एकामागून एक काढत सुटायचे आणि शेवटी रिकामा कागद घेऊन बसायचे.

| बाहेर असलेलं घर | उरलेले लिटर | उरलेली माणसं | दरडोई |
|---|---|---|---|
| क | २३६० | १८ | १३१.१ |
| ख | २३२० | १७ | १३६.५ |
| ग | २२४० | १६ | १४०.० |
| घ | २१५० | १५ | १४३.३ |
| च | २१३० | १४ | १५२.१ |

बाकी काही न करता नुसता हा तक्ता सभेत लावला असता तरी निम्मं भांडण मिटलं असतं. घर ग असलं काय नि नसलं काय, आकडा जागचा हलत नाही. क आणि च मात्र दोन टोकांनी त्याला खेचून धरतात. कुणाच्या जोरावर आकडा उभा आहे हे असं उघडं दिसतं.

आता या पाच उत्तरांची सरासरी. बेरीज ७०३.०, भागिले ५, म्हणजे १४०.६. मूळ उत्तर होतं १४०. घरं कमी केल्यावर उत्तर सरासरीने ०.६ ने वर सरकलं. बायसचा माग इथून लागतो.

## ०.६ ला चारने का गुणायचं?

जॅकनाईफचा नियम सांगतो: हा फरक घ्या आणि एकूण घरांपेक्षा एकने कमी अशा संख्येने गुणा. आपली घरं पाच, म्हणून गुणक चार. ०.६ गुणिले ४ म्हणजे २.४ लिटर. हा १४० मधल्या बायसचा अंदाज.

चारच का? बऱ्याच अंदाजांचा बायस नमुना वाढला की त्याच प्रमाणात घटतो: घरं दुप्पट, बायस निम्मा. समजा पाच घरांवर बायस २० चा पाचवा हिस्सा आहे, म्हणजे ४. चार घरांवर तो २० चा चौथा हिस्सा होईल, म्हणजे ५. दोहोंतला फरक १. खरा बायस ४, आणि आपल्याला दिसला १, म्हणजे दिसला त्याच्या चौपट. एक घर कमी केल्यावर जेवढं सरकताना दिसतं त्याच्या चौपट आधीच सरकून बसलेलं असतं, असा हा तर्क आहे.

पण साध्या भागाकारात बायस आला कुठून, हेही विचारायला हवं. समजा एका घरात ४०० लिटर लागतात आणि तिथे कधी २ माणसं असतात, कधी ४. दोघं असताना दरडोई २००, चौघं असताना १००, सरासरी १५०. पण माणसांची सरासरी ३ धरून भागलं तर येतात १३३. खालचा आकडा हलता असला की भागाकार असा वर झुकतो. आमच्या घरांतही तेच आहे. लादी पुसायला, भांड्यांना, वॉशिंग मशीनला घरटी काही पाणी लागतंच, माणसं दोन असोत की सहा. चिठ्ठीत योगायोगाने लहान कुटुंबं जास्त आली तर दरडोई आकडा चढतो, आणि मोठी आली तर जितका चढला होता त्यापेक्षा कमी उतरतो. प्रत्येक घराचं पाणी माणसांच्या अगदी पटीत असतं तर हा बायस आलाच नसता.

इथे हाताने हिशोब करणाऱ्यांसाठी एक ठेच लागायची जागा आहे. तक्त्यातले आकडे पूर्णांकात लिहिले, म्हणजे १३१, १३६, १४०, १४३, १५२, तर सरासरी १४०.४ येते आणि बायस २.४ ऐवजी १.६ होतो. दशांश चिन्हापुढचा एक अंक सोडला आणि उत्तराचा तिसरा हिस्सा गेला! कारण उघड आहे: दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी करून आपण ती चौपट करतो, म्हणजे गोल करण्यातली चूकही चौपट होते. घरं ५० असतील तर गुणक ४९. तेव्हा मधल्या पायऱ्यांत दशांश काटू नयेत, काटायचे ते शेवटी.

## डळमळ किती?

आता स्टँडर्ड एरर. पाचही उत्तरांमधून त्यांची सरासरी १४०.६ वजा करू: −९.५, −४.१, −०.६, २.७, ११.५. वर्ग करू: ९०.३, १६.८, ०.४, ७.३, १३२.३. बेरीज साधारण २४७. तिला ४/५ ने गुणलं की १९७.६, आणि वर्गमूळ १४.१.

म्हणजे १४० लिटरच्या आकड्यात साधारण १४ लिटरची डळमळ आहे.

या ४/५ वर मात्र वाचक अडतो, आणि अडायलाच हवं. एरवी विचलनांच्या वर्गांची सरासरी काढताना आपण पाचने किंवा चारने भागतो. इथे भागायचं सोडून जवळजवळ अख्खी बेरीजच ठेवून दिली! याचं उत्तर अशा उदाहरणावर तपासू जिथे बरोबर आकडा आधीच माहीत आहे. नुसती माणसं घ्या: २, ३, ४, ५, ६. सरासरी ४. सरासरीच्या स्टँडर्ड एररचं सूत्र सांख्यिकी घेणारे सगळे शिकतात. सरासरीपासूनची अंतरं −२, −१, ०, १, २, वर्गांची बेरीज १०, भागिले ५ गुणिले ४ म्हणजे २०, आले ०.५, वर्गमूळ ०.७१.

तेच जॅकनाईफने करू. एकेक घर वगळून सरासरी येते ४.५, ४.२५, ४, ३.७५, ३.५. यांची सरासरी ४ च, म्हणजे बायस शून्य. तो शून्यच असायला हवा, कारण साध्या सरासरीत बायस नसतो. अंतरं आहेत ०.५, ०.२५, ०, −०.२५, −०.५. ही मूळ अंतरांच्या बरोबर चौथ्या हिश्श्याची आहेत. तीन घरं तीच ठेवून एकच बदललं तर उत्तर हलणार तरी किती? वगळून मिळालेली उत्तरं एकमेकांना फार चिकटून असतात, कारण त्यांच्यात तीन-तीन घरं सामाईक आहेत. म्हणून त्यांना फुगवून खऱ्या मापावर आणावं लागतं. वर्गांची बेरीज ०.६२५, गुणिले ४/५, म्हणजे ०.५, वर्गमूळ ०.७१. सूत्राचं उत्तर जसंच्या तसं मिळालं. ४/५ हा गुणक याच जुळणीसाठी बसवलेला आहे.

मग सरासरीला सूत्र असताना हा उपद्व्याप कशाला? कारण सरासरीला ते सोपं आहे. दोन बेरजांच्या भागाकाराला सोपं नाही. त्याचं अंदाजी सूत्र पुस्तकात आहे. ते मी घरी करून पाहिलं, उत्तर १३.८ आलं. जॅकनाईफचं १४.१. हाताशी चाकू होता, त्याने जवळजवळ सुरीइतकंच काम केलं, आणि सूत्र पाठ असण्याची गरज पडली नाही. उद्या दरडोई आकड्याच्या जागी एखादं विचित्र गुणोत्तर आलं, ज्याचं सूत्र कुणी लिहूनच ठेवलेलं नाही, तरी हाच तक्ता चालतो.

## मग १३५ ओलांडले की नाही?

नोटिशीतला फरक पाच लिटरचा. डळमळ चौदाची. इतक्या हलत्या काट्यावर पाच लिटर जास्त झाल्याचं म्हणणं म्हणजे बसमध्ये उभं राहून सोनं तोलणं.

आकड्यात सांगायचं तर, फक्त पाच घरं असताना ९५ टक्के भरवशाचा पट्टा काढायला स्टँडर्ड एररला साधारण २.७८ ने गुणतात (नेहमीच्या दोनने नाही, नमुना चिमुकला असला की दंड जास्त पडतो). १४.१ गुणिले २.७८ म्हणजे ३९. तेव्हा सोसायटीचा खरा दरडोई वापर १०१ पासून १७९ पर्यंत कुठेही असू शकतो. यात १३५ बसतात आणि १५० सुद्धा. पाच घरांसाठी हा पट्टाही ढोबळच आहे, त्यातला शेवटचा अंक कुणी कवटाळून बसू नये.

“पण आपली सोसायटी ४८ घरांचीच आहे, पाच म्हणजे दहावा हिस्सा झाला ना?” खजिनदारांचा हा प्रश्न चांगला होता. खरंच, मर्यादित घरांतून निवड केली की डळमळ थोडी कमी होते. ४८ पैकी ५ निवडलेली, म्हणजे न मोजलेला हिस्सा ४३/४८. त्याचं वर्गमूळ ०.९५. १४.१ ला त्याने गुणलं की १३.३. फायदा आहे, पण पाच लिटरचा वाद मिटेल इतका नाही.

## “मग १४० खोडून १३७.६ लिहा”

काकांना बायसची गोष्ट फार आवडली. १४० वजा २.४ म्हणजे १३७.६, निकषाच्या आणखी जवळ. नियमाप्रमाणे दुरुस्त अंदाज हाच. तरी मी तो लिहू नका म्हटलं.

२.४ हाही पाच घरांवरूनच काढलेला अंदाज आहे आणि तोही डळमळतो. बायस डळमळीच्या मानाने क्षुल्लक असेल तेव्हा तो वजा करून आकडा सुधारण्याऐवजी जास्तच हलता होऊ शकतो. व्यवहारात एक ठोकताळा वापरतात: बायस स्टँडर्ड एररच्या पाव भागाहून कमी असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. १४.१ चा पाव म्हणजे ३.५; आपला बायस २.४. सोडून द्या. घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे, पण लोकलच चौदा मिनिटं मागेपुढे होतेय.

काही ठिकाणी मात्र ही दुरुस्ती अगदी नेमकी बसते. माणसांच्याच आकड्यांचा व्हेरियन्स, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी, काढताना वर्गांची बेरीज १० आणि भागाकार पाचने केला तर येतात २. हा आकडा सवयीने कमी येतो, म्हणून पुस्तकं चारने भागायला सांगतात: २.५. जॅकनाईफला यातलं काहीच ठाऊक नाही. एकेक घर वगळून पाचने-भागणाऱ्याच पद्धतीने (आता चारने, कारण घरं चार) उत्तरं काढली की १.२५, २.१९, २.५, २.१९, १.२५ मिळतात, सरासरी १.८७५. फरक −०.१२५, चौपट −०.५. दोनमधून उणे अर्धा वजा केला की २.५! ‘एकने कमी’ने का भागायचं हे पाठ करून वैतागलेल्या कितीतरी मुलांना हे गणित फळ्यावर पाहून पहिल्यांदा हायसं वाटलेलं मी पाहिलंय.

## “रीडिंगं तर पस्तीस होती, पाच कशी?”

सेक्रेटरींचा हा मुद्दा मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण ऐकायला तो अगदी रास्त आहे. पाच घरं, सात दिवस, म्हणजे ३५ रीडिंगं. मग एकेक रीडिंग वगळून ३५ ओळींचा तक्ता का करू नये? नमुना मोठा, डळमळ कमी.

डळमळ कागदावर कमी होईलच, पण ती खोटी असेल. च घरात सोमवारी सहा माणसं होती आणि मंगळवारीही सहाच. त्या घराचं सोमवारचं रीडिंग काढलं तरी उरलेली सहा रीडिंगं त्याच घराची सवय सांगत राहतात, त्यामुळे आकडा जागचा हलत नाही आणि आपण समजतो की तो भक्कम आहे. चिठ्ठी रीडिंगची टाकली नव्हती, घराची टाकली होती. जी वस्तू चिठ्ठीने आली तीच पाळीने बाहेर काढायची, तिच्या सगळ्या रीडिंगांसकट. सोसायटीऐवजी शहराचा सर्व्हे असता आणि चिठ्ठीने इमारती निवडल्या असत्या, तर अख्खी इमारत वगळावी लागली असती.

याच अंगाने आणखी एक. पाच घरं चिठ्ठीने न येता ‘आमच्याकडे बसवा मीटर’ म्हणणाऱ्यांची असती, किंवा सगळे मीटर एकाच सदोष खोक्यातले असते, तर जॅकनाईफला त्याचा पत्ता लागला नसता. कुणालाही वगळा, उरलेल्या चौघांतही तोच दोष असतो. घरं आपसात किती वेगळी आहेत एवढंच ही पद्धत पाहते. सगळी मिळून चुकत असली तर तिला ते दिसत नाही.

## चाकू जिथे कापत नाही

दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी सुचवलं, “सरासरी, भागाकार सोडा. मधलं घर घ्या की. टोकाच्यांचं भांडणच नको.” मधलं घर म्हणजे मध्यक: आकडे चढत्या क्रमाने लावले की अगदी मधला. आपल्या लिटरांत तो ५६०. सूचना समंजस आहे. फक्त त्याची डळमळ जॅकनाईफने मोजायला जाऊ नये.

करून पाहू. ४४० काढलं की उरतात ४८०, ५६०, ६५०, ६७०. मधल्या दोघांची सरासरी ६०५. ४८० काढलं तरी ६०५ च. ५६० काढलं की ५६५. ६५० काढलं की ५२०, ६७० काढलं तरी ५२०. पाच वेळा वगळून उत्तरं मिळाली तीनच. त्यावरून स्टँडर्ड एरर काढता येतो, ७६ येतो, दिसायला सभ्य आहे. पण ४४० च्या जागी १०० लिहून बघा: तीनही उत्तरं तशीच राहतात. टोकाची घरं कुठेही गेली तरी या ७६ ला फरक पडत नाही. तो फक्त मधल्या तीन घरांमधल्या फटी मोजतोय, आणि त्या फटी निव्वळ योगायोगाच्या असतात.

घरं वाढवूनही हे दुखणं जात नाही. भागाकार किंवा सरासरीसारखं उत्तर एखाद्या घराचा आकडा जरासा बदलला की जरासंच सरकतं. मध्यक आधी हलत नाही, आणि हलला की एकदम उडी मारतो. एकच घर वगळणं हा फार छोटा धक्का आहे, उडी मारणाऱ्याला तो पुरत नाही. तिथे एकावेळी बरीच घरं वगळतात, किंवा १९७९ साली ब्रॅडली एफ्रनने मांडलेला बूटस्ट्रॅप वापरतात. त्यात पाच घरांतूनच पुन्हा पुन्हा, तेच घर दोनदा आलं तरी चालेल अशा चिठ्ठ्या काढतात. तो हाताने होत नाही, कंप्युटर लागतो. घोटाळा ओळखायची खूण सोपी आहे: वगळून मिळालेल्या उत्तरांच्या रकान्यात तेच तेच दोन-तीन आकडे पुन्हा दिसू लागले की तिथेच थांबायचं.

## “बरं, पाच लिटरचा निकाल लागायला किती घरं?”

खजिनदारांनी शेवटी विचारलेला हा प्रश्न. पाच लिटरचा फरक खात्रीने सांगायचा तर डळमळ त्याच्या निम्म्यावर, २.५ लिटरवर आणली पाहिजे. १४.१ ला २.५ ने भागलं की साडेपाचच्या वर. डळमळ घरांच्या वर्गमुळाने घटते, म्हणून घरं त्याच्या वर्गाच्या पटीत वाढवावी लागतात, म्हणजे साधारण बत्तीस पट: १५९ घरं. आमच्याकडे आहेत ४८. सोसायटी मर्यादित असल्याची सूट धरली तरी ३७ घरांवर मीटर लावावे लागतील.

“सदतीस लावायचे तर उरलेल्या अकरांनी काय घोडं मारलंय?” काका म्हणाले. नोटीस बोर्डावरून खाली आली. प्लंबरकडे ४८ मीटरचं कोटेशन मागितलं आहे, आणि आता वाद त्याच्या बिलावर चालू आहे: घरटी सारखं वाटायचं, की माणशी.